टॅक्स भरतं कोण, सोसतं कोण?

एक फ्लॅट, दोन भाडेकरू, एक कामवाल्या मावशी आणि धाकट्या आतेबहिणीचा एक निबंध. आमच्या डायनिंग टेबलवर मांडलेल्या हिशोबाची ही गोष्ट.

गेल्या वर्षी आमच्या मावशींनी पगारात पाचशे रुपये वाढवून मागितले, तेव्हा मी एकदम गरीब चेहरा करून म्हणाले होते, ‘‘मावशी, टॅक्सच इतका कापतात हो, हातात काय राहतं?’’ मावशींनी मान डोलावली, भांडी घासली आणि गेल्या. विषय संपला.

तो परत निघाला माझ्या आतेबहिणीमुळे. ही धाकटी एमएला आहे, अर्थशास्त्रात. पब्लिक फायनान्सच्या पेपरसाठी तिला निबंध लिहायचा होता: विकसनशील देशात आयकराचा आणि उपभोगावरच्या कराचा बोजा खरा कोणावर पडतो? वीकएंडला लॅपटॉप घेऊन ती आमच्याकडे कोथरूडला मुक्कामाला आली आणि मी नेहमीचं रेकॉर्ड लावलं. ‘‘लिही की, आपल्यावर! मूठभर लोक टॅक्स भरतात, बाकी देश फुकट.’’ माझ्या फ्लॅटमेटने लगेच ‘हियर हियर’ केलं. ती आयटीत आहे, पगार वर्षाला चोवीस लाख. तिचा हक्कच आहे म्हणा.

पोळ्या लाटता लाटता मावशी म्हणाल्या, ‘‘आम्ही कुठं टॅक्स भरतो ताई? आमचं काही कापत न्हाईत.’’

धाकटीने पेन उचललं. ‘‘मावशी, महिन्याचा बाजार काय काय करता, सांगता?’’

डब्यातला जीएसटी

पुढचा अर्धा तास आमच्या डायनिंग टेबलचं जीएसटी ऑफिस झालं होतं. मावशी चार घरची कामं करून बारा हजार मिळवतात, त्यांचे मिस्टर एका सोसायटीत वॉचमन आहेत, त्यांचे तेरा हजार. म्हणजे घरात २५,००० येतात. खाणारी तोंडं चार.

आधी बिनकराचा भाग. खोलीचं भाडं ६,०००. भाजी, दूध, अंडी, सुटं धान्य मिळून तेवढेच. पोरांच्या शिकवणीचे दीड हजार, लाइट बिल ९००, बस आणि रिक्षाला बाराशे. यातल्या कशावरच मावशींना जीएसटी लागत नाही. राहत्या घराचं भाडं, वीज, सुटे तांदूळ, ताजी भाजी या सगळ्याला सूट आहे आणि शिकवणीच्या बाई इतक्या लहान प्रमाणावर शिकवतात की त्यांना जीएसटीची नोंदणीच लागत नाही. पंचवीसमधले साडेपंधरा हजार असे निसटले. मी विजयी मुद्रेने बघितलं. ‘‘बघ, म्हटलं नव्हतं?’’

‘‘थांब जरा,’’ धाकटी म्हणाली.

तेल, साखर, चहा, मसाला यांचे २,४०० आणि गॅसचे ९००, दोन्हींवर पाच टक्के. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १,२००. यांच्यावर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत अठरा टक्के होते, आता पाच. कपडे-चपला सरासरी हजार आणि औषधं पाचशे, तिथेही पाच. मग अठरा टक्केवाले आयटम: कपड्यांची पावडर ३००, तीन मोबाइलची रिचार्ज ७५० आणि मोठ्याच्या नव्या फोनचा हप्ता १,५००. उरलेले साडेआठशे भिशीत.

इथे मी घाईघाईने पंधराशेचे अठरा टक्के काढले आणि तोंडघशी पडले. छापील किमतीत टॅक्स आधीच धरलेला असतो. वस्तू शंभराची असते, त्यावर अठरा चढून ११८ होतात. त्यामुळे मिळालेल्या किमतीला ११८ ने भागायचं आणि अठराने गुणायचं. पंधराशेमध्ये टॅक्स २७० नाही, २२९ असतो. धाकटीच्या म्हणण्याप्रमाणे वर्गातली निम्मी मुलं हीच चूक करतात आणि मग जीएसटीचा बोजा कागदावर उगाच फुगतो.

असं करत करत आकडा आला ६७५ रुपये. मावशींच्या घराच्या कमाईचे २.७ टक्के.

मावशी काही वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘आणि ह्यांच्या क्वार्टरचं धरलं का?’’ महिन्याला आठेकशे जातात म्हणे, वरकमाईतून, घरी न सांगता. दारू जीएसटीत नाहीच, तिच्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट असतो. त्यात महाराष्ट्राने २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क चांगलंच वाढवलं. बाटलीच्या किमतीतले निम्म्याहून जास्त पैसे सरकारचे. म्हणजे तेलापासून मोबाइलपर्यंत सगळ्यांचे मिळून ६७५ आणि एकट्या क्वार्टरचे चारशेच्या वर. ‘टॅक्स भरत न्हाई’ म्हणणाऱ्या घरातून महिन्याला हजारावर रुपये सरकारजमा होत होते. क्वार्टर पिणं बरोबर की चूक, हा मावशींचा आणि त्यांच्या मिस्टरांचा प्रश्न. आम्ही तो खर्च वेगळ्या ओळीत लिहिला.

आता आपला नंबर

फ्लॅटमेटचं गणित सोपं, कारण तिच्याकडे फॉर्म १६ आहे. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत चोवीस लाखांतून पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट जाते. उरलेल्यातले पहिले चार लाख मोकळे, पुढे दर चार लाखांना पाच, दहा, पंधरा, वीस असे टक्के चढत जातात आणि वीस लाखांवरच्या सव्वातीन लाखांवर पंचवीस टक्के. चार टक्के सेस धरून वर्षाचा आयकर २,९२,५००. महिन्याला २४,३७५.

हा आकडा आला आणि टेबलवर जरा शांतता पसरली. मावशींच्या अख्ख्या घराची कमाई पंचवीस हजार. जवळपास तेवढाच फ्लॅटमेटचा महिन्याचा आयकर.

ती काही चेष्टा करण्यासारखी रक्कम नाही. पगाराचे बारा टक्के थेट जातात आणि ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायची सोय पगारदार माणसाला नसते. ‘मूठभर लोक टॅक्स भरतात’ हे रडगाणंही साफ खोटं नाही. देशात दरवर्षी सात-आठ कोटी रिटर्न्स भरली जातात, पण त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा कर शून्य निघतो.

जीएसटी मात्र तिलाही कमी लागत होता. महिन्याच्या दोन लाखांतले ती खर्च करते साधारण एकसष्ट हजार: मोठ्या खोलीचं भाडं २२,०००, किराणा ८,०००, बाहेरचं खाणं १०,०००, कपडे ६,०००, ऑनलाइन शॉपिंग, गॅजेट्स, सबस्क्रिप्शन वगैरे १५,०००. जीएसटी झाला ३,४३० च्या आसपास. मावशींच्या पाचपट! पण कमाईच्या हिशोबात फक्त १.७ टक्के, कारण तिचे उरलेले पैसे एसआयपीत जातात आणि एसआयपीत टाकलेल्या पैशांवर जीएसटी नसतो.

‘‘हे बघ,’’ धाकटी म्हणाली, ‘‘याच्यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेलीत.’’ मावशी २.७ टक्के, फ्लॅटमेट १.७ टक्के, म्हणजे हा कर गरिबाला जास्त चावतो. पण भागायचं कमाईने की खर्चाने? खर्चाने भागलं तर मावशींच्या प्रत्येक शंभर रुपयांत २ रुपये ८० पैसे जीएसटी आणि फ्लॅटमेटच्या शंभरात ५ रुपये ६० पैसे. तीच माणसं, तीच बिलं आणि निष्कर्ष बरोबर उलटा. खर्चाने भागणारे म्हणतात, फ्लॅटमेट आज साठवलेले पैसे कधीतरी खर्च करेलच, तेव्हा कर भरेल. असेलही. पण त्या पैशांतून तिने वाकडला फ्लॅट घेऊन ठेवला आणि तो पुढे भाच्याला दिला तर? मला विचाराल तर मावशींच्या बाबतीत कमाईचंच गणित खरं, कारण त्यांच्याकडे ‘कधीतरी’साठी साडेआठशे रुपयेच उरतात.

पेपरातल्या भांडणांचं मूळही बरंचसं इथेच आहे. २०२३ मध्ये ऑक्सफॅमच्या अहवालाने म्हटलं, देशातल्या खालच्या निम्म्या लोकांकडून ६४ टक्के जीएसटी येतो. केवढा गदारोळ झाला. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेतल्या अभ्यासाने २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीवरून हिशोब मांडला, त्यात तो वाटा तीस टक्क्यांच्या आसपास निघाला. मला दुसरा आकडा जास्त पटतो. आमच्या टेबलवरच एक माणूस मावशींच्या अख्ख्या घराच्या पाचपट जीएसटी देत होता! पण ‘एकूण जमा रकमेत वाटा किती’ आणि ‘माणसाच्या कमाईला चटका किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वाटा लहान असला तरी चटका मोठा असू शकतो.

आणि मी? माझी कमाई महिन्याला सत्तर हजार, वर्षाला आठ लाख चाळीस हजार. प्रत्येक मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. तेच ते, ‘टॅक्सच इतका कापतात’.

‘‘तायडे,’’ धाकटी अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘‘बारा लाखांपर्यंत नव्या प्रणालीत आयकर शून्य आहे ना? म्हणजे हा टीडीएस तुला रिफंड मिळतो?’’

मिळतो. रिटर्न भरलं की सगळाच्या सगळा परत येतो.

माझा आयकर शून्य होता. जीएसटी निघाला २,२८७, कमाईचे ३.३ टक्के. आता हे तीन आकडे शेजारी ठेवा. सगळे कर धरून फ्लॅटमेट जवळजवळ चौदा टक्के देते. मी सव्वातीन, मावशी पावणेतीन. माझी एकटीची कमाई मावशींच्या अख्ख्या घराच्या पावणेतीन पट, पण कराचं प्रमाण जेमतेम अर्ध्या टक्क्याने जास्त. (क्वार्टर धरली तर मावशींचं घर माझ्यापुढेच जातं.) चढत्या दराचा कर सुरू होतो तो बारा लाखांच्या रेषेपलीकडे. त्या रेषेखाली देशातली बहुसंख्य माणसं आहेत आणि तिथे राज्य फक्त खरेदीवरच्या कराचं. तो सगळ्यांना जवळपास सारखाच लागतो.

धाकटीने ही ओळ निबंधात दोनदा अंडरलाइन केली.

सूट म्हणजे शून्य नव्हे

एका गोष्टीने आमचा ६७५ चा आकडा लगेच डळमळीत केला. मावशींचे साडेपंधरा हजार ‘बिनकराचे’ आम्ही धरले होते, ते तसे नाहीत.

जीएसटीत दुकानदार स्वतःच्या खरेदीवर दिलेला कर पुढच्या करातून वळता करून घेतो, त्याला इनपुट क्रेडिट म्हणतात. पण तुमची वस्तू किंवा सेवा करमुक्त असेल, तर हे क्रेडिटच मिळत नाही. भाजीवाल्याच्या वजनकाट्यावरचा कर, खोलीमालकाच्या सिमेंटवरचा कर कुणीच परत करत नाही. तो किमतीत मुरतो. शिवाय भाजीच्या टेम्पोचं डिझेल जीएसटीबाहेर आहे, त्यावरचं केंद्राचं शुल्क आणि राज्याचा व्हॅट कुणालाच वळता करता येत नाही. मावशींच्या मेथीच्या जुडीत थोडं डिझेल असतंच. किती, ते आम्हाला टेबलवर काढता आलं नाही. पण शून्य नक्कीच नाही.

उलट दिशेचाही एक मुद्दा आहे आणि तो श्रीमंत देशांतल्या पाठ्यपुस्तकांत फारसा सापडत नाही. मावशी कपडे घेतात आठवडी बाजारात, नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून. कापडावर वर कुठेतरी कर भरला गेलाय, पण त्या विक्रेत्याच्या नफ्यावर कर बसलेला नाही. म्हणजे हजारातले पूर्ण ४८ रुपये आम्ही धरले तेही जास्तच. पिएर बाशास, ल्युसी गादेन आणि अँडर्स जेन्सन या तीन अर्थतज्ज्ञांनी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या तीसहून अधिक देशांतले घरखर्च तपासले. जवळपास सगळीकडे चित्र तेच: घर जितकं गरीब, तितका खर्चातला जास्त वाटा टपरी, हातगाडी, फेरीवाल्याकडे जातो. त्यामुळे अशा देशांत उपभोग कर कागदावर दिसतो तितका गरिबांवर पडत नाही. मॉलमध्ये जाणारा पूर्ण भरतो, आठवडी बाजारात जाणारा अर्धामुर्धा.

पण मावशींची रिचार्ज, फोनचा हप्ता, गॅस आणि साबण आठवडी बाजारातून येत नाहीत. दरवर्षी त्यांच्या यादीत अशा पक्क्या बिलाच्या गोष्टी वाढतच चालल्यात.

चिकटतो कुणाला?

इतका वेळ आम्ही एक गोष्ट गृहीत धरली होती. जीएसटी म्हणजे गिऱ्हाईकच सोसतं आणि आयकर म्हणजे पगारदारच सोसतो. कायद्यात कुणाचं नाव लिहिलंय याला काही अर्थ नाही, असं धाकटीचे सर म्हणतात. कर ढकलला जातो आणि ज्याला हलता येत नाही त्याला जाऊन चिकटतो.

मला एकदम माझ्या कॉलेजच्या अड्ड्यावरची कॉफी आठवली. १५ नोव्हेंबर २०१७ ला हॉटेलांवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला. आम्ही खूश! शंभराची कॉफी ११८ ला पडायची, आता १०५ ला मिळणार. दुसऱ्या दिवशी मेनूकार्डवर कॉफी ११२ झालेली. त्यावर पाच टक्के धरून बिल ११७ रुपये ६० पैसे. टॅक्स तेरा टक्क्यांनी उतरला आणि आमच्या वाट्याला आले चाळीस पैसे! मालकाची बाजूही ऐकायला हवी. त्याच दिवशी हॉटेलांचं इनपुट क्रेडिट बंद झालं होतं, त्यामुळे त्याचं भाडं आणि मशीन महाग पडायला लागली. पण पूर्ण बारा रुपये? त्याला माहीत होतं, आम्ही ११८ द्यायला तयार आहोत आणि दुसऱ्या अड्ड्यावर जाणार नाही.

बिस्किटांचंही तसंच काहीसं. सप्टेंबर २०२५ च्या कपातीनंतर मावशींचा पाच रुपयांचा पुडा पाचलाच मिळतो. छोट्या पुड्यांची किंमत तीच ठेवून बऱ्याच कंपन्यांनी वजन वाढवलं, कारण ४ रुपये ४५ पैसे सुट्टे कोण देणार? वाढीव बिस्किटं चांगलीच, पण मावशींच्या हातात सुट्टे पैसे काही उरले नाहीत.

‘‘आणि आयकर?’’ मी विचारलं. ‘‘तो कुठे ढकलता येतो?’’

फ्लॅटमेट म्हणाली, तिच्या कंपनीत बाहेर देशातून आलेल्या एका बड्या साहेबाचा पगार ‘टॅक्स वगळून हातात इतका’ असा ठरलाय. त्याचा आयकर कंपनी भरते. त्याच्यासारखी माणसं कमी आहेत, तो नाही म्हणू शकतो. तिच्यासारख्या इंजिनीअर भरपूर आहेत, त्यामुळे तिचा कर तिलाच.

‘‘आणि ढकलायचा तर खालीच ढकलतात,’’ धाकटी म्हणाली. ‘‘टॅक्स वाढला की माणूस ड्रायव्हरचा पगार थांबवतो, बाईची वाढ पुढे ढकलतो...’’

तिला मागच्या वर्षीचं काहीच माहीत नव्हतं. मी मात्र टेबलक्लॉथवरची डिझाइन बघायला लागले. पाचशे रुपये महिना. जो आयकर मला लागतच नव्हता, जो रिफंड होऊन माझ्या खात्यात परत यायचा होता, त्याच्या नावाने मी मावशींचे पाचशे अडवले होते. त्यांचा महिन्याचा जीएसटी ६७५. म्हणजे सरकारने त्यांच्याकडून जितकं घेतलं, त्याच्या पाऊण हिश्शाच्या आसपास मीच घेतलं, तेही पावती न देता.

मावशी ओटा पुसून निघाल्या तेव्हा दाराशी गाठून सांगितलं, ‘‘मावशी, पाचशे वाढवते.’’

त्यांनी चपला घालता घालता टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. ‘‘ताई, ते तुमचं कापलेलं परत मिळतं म्हणाली ना ती? ते अख्ख्या वर्षाचं मिळतं का?’’

‘‘हो, अख्ख्या वर्षाचं.’’

‘‘मग आमचे पाचशे कधीपासनं धरायचे?’’

आतून धाकटीचा हसण्याचा आवाज आला. मी मोबाइल काढला आणि कॅल्क्युलेटरवर पाचशे गुणिले बारा केलं.